संचालकांचा अहवाल कसा वाचावा: सरलेलं वर्ष, लाभांश आणि पुढचा अंदाज

नाशिकमध्ये अनेकांचे शेअर ओळखीच्या नावांचे असतात. सातपूर-अंबडला ज्या कंपनीचा कारखाना आहे, जिथे घरातलं किंवा शेजारचं कुणी नोकरीला आहे, तिचे शेअर घ्यावेसे वाटणं साहजिक आहे. मग जुलै-ऑगस्टमध्ये ईमेलवर दोनशे-तीनशे पानांचा वार्षिक अहवाल येतो. अध्यक्षांचा फोटो आणि त्यांचं मनोगत पाहून तो बहुतेक वेळा बंद होतो. खरं तर त्यातली वीस-पंचवीस पानं नीट वाचली, तर कंपनीचं वर्ष कसं गेलं, लाभांश किती आणि कशातून दिला आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे हे समजतं. ती पानं म्हणजे संचालक मंडळाचा अहवाल. त्यात काय असायलाच हवं, हे कंपनी कायदा 2013 च्या कलम 134 ने ठरवून दिलं आहे. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, काय शोधायचं हे आधीच माहीत असतं.

हा लेख नव्याने वाचणाऱ्यांसाठी आहे. समजावण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतलं आहे: अंबडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक सूचीबद्ध कंपनी. तिचे आकडे आम्ही सोपे ठेवले आहेत, पण मांडणी खऱ्या अहवालांत दिसते तशीच आहे.

वाचायला बसण्यापूर्वी जवळ ठेवा

- या वर्षाचा आणि मागच्या वर्षाचा वार्षिक अहवाल, दोन्ही पीडीएफ
- वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस (ती बहुधा अहवालाच्याच सुरुवातीला किंवा शेवटी जोडलेली असते)
- कंपनीचं लाभांश वाटप धोरण (बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना ते जाहीर करावंच लागतं)
- वही, पेन आणि कॅल्क्युलेटर

मागच्या वर्षाचा अहवाल विसरू नका. पाचव्या पायरीवर त्याच्याशिवाय काम होणार नाही.

## 1. योग्य कागद उघडा

सूचीबद्ध कंपनीचा अहवाल तिच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात मिळतो. तसाच तो bseindia.com आणि nseindia.com वर कंपनीच्या पानावर `Annual Reports` खाली मिळतो. आम्ही शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरूनच घ्या असं सुचवू, कारण तिथे जुने अहवालही वर्षवार ओळीने लावलेले असतात. कंपनी सूचीबद्ध नसेल तर mca.gov.in वर ठरलेलं शुल्क भरून तिची दाखल कागदपत्रं पाहता येतात.

शोधताना नाशिकचा पत्ता धरून बसू नका. बॉशचं नोंदणीकृत कार्यालय बंगळुरूला आहे, सिएट आणि महिंद्राची मुंबईला. अहवाल पूर्ण कंपनीचा असतो, कारखान्याचा नाही. सातपूरचा कारखाना तीन पाळ्यांत चालू आहे म्हणून कंपनीचं वर्ष चांगलं गेलं असेलच असं नाही, आणि इथली एखादी लाइन थांबली म्हणून वाईटही नाही. एखाद्या कारखान्याचा वेगळा उल्लेख हवा असेल, तर अहवालाच्या ऊर्जाबचतीच्या परिशिष्टात पाहा. वीज वाचवण्यासाठी कुठे काय केलं हे तिथे अनेक कंपन्या कारखानानिहाय लिहितात.

पीडीएफ उघडली की Ctrl+F दाबून `Board's Report` शोधा. नाही सापडलं तर `Directors' Report` टाका. अध्यक्षांचं मनोगत म्हणजे संचालकांचा अहवाल नव्हे. मनोगतात काय लिहावं यावर कायद्याचं बंधन नाही, म्हणून ते शेवटी वाचा किंवा सोडून द्या.

## 2. पहिला तक्ता सावकाश वाचा

अहवालाच्या सुरुवातीलाच आर्थिक कामगिरीचा छोटा तक्ता असतो. त्यात बहुधा चार रकाने असतात: दोन `Standalone` म्हणजे फक्त मूळ कंपनीचे, दोन `Consolidated` म्हणजे उपकंपन्यांसह एकत्रित. प्रत्येकात हे वर्ष आणि मागचं वर्ष. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. एका जोडीतली विक्री आणि दुसऱ्या जोडीतला नफा उचलला जातो आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. एक जोडी निवडा आणि शेवटपर्यंत तीच धरा. उपकंपन्या असतील तर धंदा समजण्यासाठी एकत्रित आकडे बरे. संचालकांचा अहवाल मात्र कायद्याने मूळ कंपनीच्या हिशेबावर बेतलेला असतो, आणि लाभांशही मूळ कंपनीच्याच नफ्यातून द्यावा लागतो. उपकंपनी भरपूर कमावत असेल पण मूळ कंपनीला काही देत नसेल, तर त्या नफ्यातून तुमच्या हाती काही येत नाही.

आपल्या उदाहरणातल्या कंपनीला उपकंपनी नाही, त्यामुळे रकाने दोनच. आकडे कोटी रुपयांत:

| बाब | मागचं वर्ष | हे वर्ष |
|---|---|---|
| विक्रीतून महसूल | 400 | 424 |
| इतर उत्पन्न | 6 | 7 |
| एकूण खर्च | 366 | 395 |
| अपवादात्मक बाबींपूर्वीचा नफा | 40 | 36 |
| अपवादात्मक उत्पन्न | 0 | 24 |
| करपूर्व नफा | 40 | 60 |
| कर | 10 | 14 |
| निव्वळ नफा | 30 | 46 |

तक्त्याखालचा परिच्छेद म्हणतो, निव्वळ नफा 53 टक्क्यांनी वाढला. हिशेबाने ते खरंच आहे. पण मधली ओळ पाहा. `Exceptional items` या नावाखाली 24 कोटी आले आहेत. त्या ओळीला टीप क्रमांक असतो. तो धरून मागच्या हिशेबांत गेलं की कळतं, कंपनीने सातपूरचा एक जुना प्लॉट विकला. हे उत्पन्न पुन्हा येणार नाही. ते बाजूला काढलं तर धंद्याचा नफा 40 कोटींवरून 36 वर आला, म्हणजे 10 टक्क्यांनी घटला.

आता घट कशामुळे झाली ते पाहू. महसूल 24 कोटींनी वाढला, म्हणजे 6 टक्के. खर्च 29 कोटींनी वाढला, म्हणजे जवळजवळ 8 टक्के. माल जास्त विकला गेला, पण प्रत्येक रुपयामागे उरलं कमी. कच्चा माल महागला, मजुरी वाढली की भाव कमी करून ऑर्डर मिळवली, हे नफा-तोटा पत्रकातल्या खर्चाच्या ओळी मागच्या वर्षाशी ताडून समजतं. कच्च्या मालाचा खर्च महसुलाच्या किती टक्के होता आणि आता किती आहे, एवढं एक गुणोत्तर काढलं तरी पुरतं.

इतर उत्पन्नाकडेही नजर टाका. त्यात बँकठेवींचं व्याज, म्युच्युअल फंडाचा नफा, भाडं असं असतं. ते एकदम फुगलं असेल तर त्याचीही टीप उघडा. आपल्या कंपनीत ते 6 वरून 7 झालं आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही.

## 3. लाभांशाचा परिच्छेद तुकडे करून वाचा

इथे `Dividend` हा शब्द शोधा. आपल्या कंपनीचा परिच्छेद थोडक्यात असा: दर्शनी मूल्य 2 रुपये असलेल्या प्रत्येक शेअरवर वर्षभरात 1.50 रुपये अंतरिम लाभांश दिला. आता 1 रुपया अंतिम आणि 1 रुपया विशेष लाभांशाची शिफारस आहे. एकूण लाभांश 175 टक्के.

टक्के दर्शनी मूल्यावर असतात. 2 रुपयांचे 175 टक्के म्हणजे 3.50 रुपये. शेअर बाजारात 210 रुपयांना मिळत असेल, तर तुमच्या पैशावरचा लाभांश 3.50 भागिले 210, म्हणजे साधारण 1.7 टक्के. 175 हा आकडा ऐकून शेअर घेणारे आजही भेटतात. म्हणून अहवालात दर्शनी मूल्य आधी शोधा आणि सगळं रुपयांत आणा.

अंतरिम लाभांश दिला गेला, अंतिम अजून यायचा आहे. अंतरिम लाभांश संचालक मंडळ स्वतः जाहीर करतं. अंतिम लाभांशाची मंडळ फक्त शिफारस करतं, मंजुरी वार्षिक सभेत भागधारक देतात. भागधारक ती रक्कम कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. अहवाल वाचून आज शेअर घेणाऱ्याला 3.50 रुपये मिळणार नाहीत. अंतरिमचे 1.50 आधीच्या धारकांना गेले. त्याला मिळतील ते अंतिम आणि विशेष मिळून 2 रुपये, तेही रेकॉर्ड डेटला, म्हणजे लाभांश कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी कंपनीने नेमलेल्या तारखेला, शेअर त्याच्या डीमॅट खात्यात असतील तरच. व्यवहार पुरा व्हायला एक कामकाजाचा दिवस लागतो, त्यामुळे रेकॉर्ड डेटच्या आदल्या व्यवहाराच्या दिवसापर्यंत खरेदी झालेली असावी लागते. रेकॉर्ड डेटला घेतलेला शेअर लाभांशाविना येतो. आणि केवळ लाभांशासाठी आदल्या दिवशी धावत जाऊन घेण्यात फायदा नाही, कारण दुसऱ्या दिवशी भाव साधारण तेवढ्याने खाली उघडतो.

विशेष लाभांश वेगळा ठेवा. मागच्या वर्षी या कंपनीने एकूण 2.50 रुपये दिले होते, तेही सगळे अंतिम लाभांश म्हणून. या वर्षी विशेष 1 रुपया वगळला तर अंतरिम आणि अंतिम मिळून 2.50 च होतात. नेहमीचा लाभांश वाढलेलाच नाही. वाढ दिसते ती प्लॉट विकल्यामुळे. पुढच्या वर्षी तुम्ही 3.50 ची अपेक्षा धरलीत, तर चूक तुमची होईल. कंपनीने तसं कुठेच म्हटलेलं नाही.

नफ्याचा किती भाग वाटला ते काढा. शेअर 4 कोटी आहेत, म्हणजे एकूण लाभांश 14 कोटी. निव्वळ नफा 46 कोटी, म्हणजे वाटप 30 टक्के. कंपनीच्या धोरणात समजा 30 ते 40 टक्के लिहिलं असेल, तर सगळं नियमात दिसतं. पण हाच हिशेब धंद्याच्या नफ्यावर करून पाहा. 36 कोटींवर अंदाजे पाव भाग कर धरला तर 27 कोटी उरतात. त्यावर नेहमीचा 10 कोटींचा लाभांश म्हणजे 37 टक्के. मागच्या वर्षी तो 33 टक्के होता. नफा घटत असताना लाभांश तेवढाच राखला आहे. एखाद्या वर्षी हे चालतं. तीन वर्षं असंच चाललं तर लाभांश कापला जाण्याची शक्यता वाढते.

आता रोकड प्रवाह पत्रकात जा. तिथे `Dividend paid` पुढे 16 कोटी दिसतात, अहवालात तर 14 कोटी आहेत! घाबरू नका. अंतिम लाभांश सभेनंतर, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात दिला जातो. त्यामुळे या वर्षीच्या रोकड प्रवाहात मागच्या वर्षीचा अंतिम लाभांश (2.50 रुपयांनी 10 कोटी) आणि या वर्षीचा अंतरिम (1.50 रुपयांनी 6 कोटी) येतो. जमले 16. हा ताळा जुळला की परिच्छेद आपल्याला नीट समजला, असं धरायला हरकत नाही. जुळला नाही तर शेअरची संख्या पाहा. बोनस, विभाजन किंवा बायबॅक झाला असेल तर ती बदललेली असते.

त्याच पत्रकाची पहिली मोठी बेरीज, `Net cash from operating activities`, तीही वहीत लिहा. धंद्यातून रोकड 30-35 कोटी आली असेल तर 14 कोटींचा लाभांश आरामात निघतो. ती 8 कोटीच असेल, तर ग्राहकांकडची उधारी किंवा गोदामातला माल वाढला आहे आणि लाभांशाचा काही भाग प्लॉटच्या पैशातून किंवा कर्जातून जाणार आहे. माझ्या मते या पायरीवरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच.

पैसे कधी येतात? सभेत मंजुरी मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत. एका कंपनीकडून आर्थिक वर्षात 10,000 रुपयांपेक्षा जास्त लाभांश असेल तर 10 टक्के कर आधीच कापला जातो, आणि पॅन जोडलेला नसेल तर 20 टक्के. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर ती रक्कम आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. वडिलांच्या नावाचे जुने कागदी शेअर घरात असतील, तर अहवालातलं या निधीचं `IEPF` हे शीर्षक जरूर वाचा.

## 4. न आवडणाऱ्या गोष्टी कुठे लिहिलेल्या असतात

मधली बरीच पानं ठरावीक मजकुराची असतात: बैठका किती झाल्या, संचालक कोण नेमले, सामाजिक दायित्वाचा खर्च. ती भराभर उलटा. तीन ठिकाणी मात्र थांबा.

पहिलं, `Material changes and commitments`. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, अहवालावर सही मे ते ऑगस्टमध्ये होते. त्या दरम्यान आग लागली, मोठा ग्राहक गेला, एखादा विभाग विकायचं ठरलं, तर ते इथे सांगावं लागतं. बहुतेक अहवालांत ‘असं काही नाही’ एवढंच असतं. ते वाक्य अहवालावरच्या तारखेपर्यंतच खरं आहे. म्हणून तारीख पाहा आणि त्यानंतरच्या घोषणा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तपासा.

दुसरं, लेखापरीक्षकांचा शेरा. हिशेबावर त्यांनी आक्षेप घेतला असेल, तर संचालकांना त्यावर स्पष्टीकरण द्यावंच लागतं. संचालकांचं उत्तर आधी वाचू नका. लेखापरीक्षकांचा अहवाल उघडून `Qualified Opinion` हे शब्द आहेत का पाहा, मूळ आक्षेप वाचा आणि मग उत्तराकडे या. उलट क्रमाने गेलं की आक्षेप आहे त्याहून लहान वाटतो.

तिसरं, संबंधित पक्षांशी व्यवहार, म्हणजे प्रवर्तकांच्या कुटुंबाच्या किंवा त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांशी झालेले. `AOC-2` नावाचं परिशिष्ट शोधा. आपल्या उदाहरणात विचारण्याचा प्रश्न सरळ आहे: सातपूरचा प्लॉट विकत कुणी घेतला? बाहेरच्या कंपनीने, की प्रवर्तकांच्याच एखाद्या संस्थेने? परिशिष्टात उत्तर नसेल तर हिशेबांतल्या `Related party` टिपेत पाहा. तिथली यादी जास्त लांब असते.

## 5. पुढचा अंदाज मागच्या अहवालासमोर ठेवा

कंपनीचा पुढचा अंदाज `Management Discussion and Analysis` या भागात असतो. सूचीबद्ध कंपनीला तो द्यावाच लागतो, एकतर संचालकांच्या अहवालात किंवा त्याला जोडून. त्यात `Outlook` आणि `Risks and concerns` ही शीर्षकं असतात. वाहन उद्योग वाढतो आहे, पाऊस चांगला आहे, निर्यातीला वाव आहे, अशी वाक्यं कुठल्याही कंपनीला लागू पडतात. ती खोडून टाका. काय उरतं ते पाहा. रक्कम, तारीख, क्षमता किंवा ग्राहकाचा प्रकार ज्या वाक्यात आहे, तेवढीच वाक्यं वहीत उतरवा.

मग मागच्या वर्षाच्या अहवालातला हाच भाग शेजारी ठेवा. आपल्या कंपनीने मागच्या वर्षी लिहिलं होतं: सिन्नरला 40 कोटींची नवी शेड, डिसेंबरपर्यंत उत्पादन सुरू. या वर्षी लिहिलं आहे: सिन्नरचा विस्तार प्रगतिपथावर. रक्कम गेली, तारीखही गेली. वाक्य खोटं नाही, पण त्यातून माहिती काढून घेतली गेली आहे.

हे पडताळायची जागा ताळेबंदात आहे. `Capital work-in-progress` म्हणजे बांधकाम चालू असलेली, अजून वापरात न आलेली मालमत्ता. समजा ती मागच्या वर्षी 11 कोटी होती आणि आता 13 कोटी आहे. टिपेत पाहा, यातलं काही पूर्ण होऊन पक्क्या मालमत्तेत गेलं का. नसेल गेलं, तर वर्षभरात खर्च झाले फक्त 2 कोटी. 40 कोटींचं काम या वेगाने पुढच्या वर्षीही पुरं होणार नाही. याच टिपेखाली हे काम किती वर्षांपासून अडकलं आहे याचा तक्ता असतो. मुदत उलटली असेल किंवा खर्च मूळ अंदाजापेक्षा वाढला असेल, तर आता कधी पुरं होणार हेही कंपनीला तिथे लिहावं लागतं. अंदाजाच्या परिच्छेदात न दिलेली तारीख अशी टिपेत सापडते.

याच भागात प्रमुख गुणोत्तरांचा तक्ता असतो. एखादं गुणोत्तर मागच्या वर्षीपेक्षा 25 टक्के किंवा जास्त बदललं, तर त्याचं कारण द्यावं लागतं. कारण वाचताना जपून. ‘विक्री वाढल्यामुळे’ असं उधारीच्या गुणोत्तराबद्दल लिहिलं असेल, तर विक्री 6 टक्के वाढली हे आठवा. 6 टक्के विक्रीने उधारी 30 टक्के वाढत नाही. कुणीतरी पैसे उशिरा देतं आहे.

## 6. सभेआधी प्रश्न पाठवा

सभेची नोटीस किमान 21 दिवस आधी येते. 31 मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपनीची सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. बऱ्याच सूचीबद्ध कंपन्या हल्ली सभा व्हिडिओवर घेतात, त्यामुळे त्यासाठी मुंबई-पुण्याला जाण्याची गरज उरलेली नाही. बोलायचं असेल तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. त्याची मुदत नोटिशीत बारीक अक्षरांत असते आणि सभेच्या काही दिवस आधीच संपते. मतदान ऑनलाइन होतं, आणि सभेआधीचा मतदानाचा काळ आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला संपतो. त्यात हुकलेल्याला मत देता येतं ते सभेत हजर राहिलं तरच.

प्रश्न कंपनी सचिवांच्या ईमेलवर पाठवा. फोलिओ क्रमांक किंवा डीमॅट खात्याचा क्रमांक लिहा, नाहीतर उत्तर येत नाही. प्रश्नात पान क्रमांक द्या आणि एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. आपल्या कंपनीसाठी तीन प्रश्न पुरेत: प्लॉटच्या विक्रीतून आलेल्या रकमेपैकी विशेष लाभांशाचे 4 कोटी वगळता बाकीची कुठे वापरणार? सिन्नरच्या शेडची नवी तारीख आणि सुधारित खर्च किती? कच्च्या मालाची भाववाढ ग्राहकांकडून वसूल करण्याची तरतूद करारांत आहे का, आणि असेल तर ती किती महिन्यांनी लागू होते?

उत्तर लेखी आलं तर ते पीडीएफबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या जुलैत नवा अहवाल आला की पाचव्या पायरीवर ते लागेल.